एका मावशीमागे बाळं किती?

पाळणाघर शोधायला निघालेल्या आईबाबांचा पहिला प्रश्न ‘महिन्याचे किती?’ हाच असतो. उत्तर मिळालं की आपण ते मनात दुसऱ्या पाळणाघराच्या आकड्याशेजारी मांडतो, आणि तुलना तिथेच फसते. एकाची वेळ नऊ ते सात, दुसऱ्याची साडेआठ ते साडेसहा. एका ठिकाणी डबा आपला, दुसऱ्या ठिकाणी जेवण त्यांचं. दोन्ही आकडे एकाच गोष्टीचे नसतातच.

एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत, तुमच्या भागातले घालून बघा. आईबाबा दोघं हिंजवडीत नोकरीला, राहायला वाकडला, बाळ दीड वर्षाचं. बाळाला सकाळी नऊला सोडायचं आणि संध्याकाळी सातला आणायचं. महिन्यातले बावीस दिवस कामाचे. त्यातले पाच दिवस हिंजवडीच्या ट्रॅफिककृपेने सात वीस होणार, हे आधीच धरून चालायचं.

पहिलं पाळणाघर सोसायटीतल्या काकूंचं. फी ८,००० रुपये, वेळ नऊ ते सात. सातनंतर दर अर्ध्या तासाला १००. प्रवेश फी वर्षाला २,४००, म्हणजे महिन्याला २००. डबा घरचा. दुसरं चकचकीत डे-केअर. फी ११,५००, त्यात नाश्ता, जेवण आणि संध्याकाळचा खाऊ. वर्षाची नोंदणी ६,००० रुपये, म्हणजे महिन्याला ५००. वेळ मात्र साडेआठ ते साडेसहा, आणि पुढे दर पंधरा मिनिटांना १५० रुपये.

काकूंकडचा हिशोब सोपा आहे. ८,००० अधिक २००, उशिराचे पाच वेळा १०० म्हणजे ५००, आणि डब्याच्या सामानाचे दिवसाला ६० धरले तर १,३२०. एकूण १०,०२०. डे-केअरकडे रोज अर्धा तास उशीर ठरलेलाच आहे: सतरा दिवस ३०० रुपये, आणि त्या पाच दिवशी पन्नास मिनिटं म्हणजे चार टप्पे, ६०० रुपये. बेरीज ८,१००. ११,५०० वरून गोष्ट थेट २०,१०० वर जाते, कारण वर्षाच्या नोंदणीचे ५०० आहेतच. बहुतेक आईबाबांना हे पहिलं बिल हातात पडल्यावर कळतं. म्हणून ‘साडेसातपर्यंतचं पॅकेज आहे का’ हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारायचा. समजा ते २,००० रुपयांना मिळालं, तर महिना १४,००० वर थांबतो. आता बाळ तिथे राहणार त्या सुमारे २२२ तासांनी भागा: काकूंकडे तासाला ४५ रुपये, डे-केअरला ६३. साडेआठ ते नऊचा अर्धा तास आपण वापरणारच नाही, म्हणून तो भागाकारात धरायचा नाही. जाहिरातीतले तास आणि आपले तास वेगळे.

तासामागचे हे १८ रुपये कशाचे, हा खरा प्रश्न आहे. पाळणाघराचा सगळ्यात मोठा खर्च पगाराचा. मावशींचा पगार महिना १५,००० धरू. पाळणाघर दहा तास उघडं, मावशींची पाळी आठ तासांची, शिवाय सुट्ट्या आणि आजारपण. त्यामुळे खोलीत सतत एक मावशी उभी राहावी म्हणून मालकाला साधारण २०,००० मोजावे लागतात. एका मावशीमागे चार बाळं असतील, तर प्रत्येक बाळावर नुसत्या पगाराचे ५,००० रुपये पडतात. आठ असतील तर २,५००. त्यावर भाडं, वीज, स्वयंपाक, सफाई आणि व्यवस्थापक.

हे गणित हाताशी असलं की भूलथापा चटकन ओळखू येतात. भाड्याच्या जागेत, जेवणासह ६,००० रुपयांत ‘चार बाळांना एक मावशी’ असं कोणी सांगत असेल, तर तो आकडा जमत नाही. बहुधा मोजणीत स्वयंपाकीण, सुरक्षारक्षक आणि दोन तासांसाठी येणारी टीचरही धरलेली असते. काकूंना स्वस्तात परवडतं ते वेगळ्या कारणाने: जागा घरची, आणि स्वतःचा पगार त्या नीट मोजतच नाहीत. त्यांच्याकडे चौदा मुलं, काकू आणि एक मावशी. म्हणजे एकीमागे सात. पण बारा वाजता काकू स्वयंपाकघरात गेल्या की त्या तासापुरतं प्रमाण चौदाला एक होतं.

सरकारचा दंडक काय? २०१७ च्या मातृत्व लाभ कायद्यातल्या दुरुस्तीने पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची सोय करण्याचं बंधन आलं. त्यानंतर २०१८ मध्ये केंद्राने दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक सेविका, तीन ते सहा वर्षांच्या वीस मुलांमागे एक, आणि जोडीला मदतनीस असं प्रमाण आहे. माझ्या मते रांगत्या बाळांसाठी दहा हा आकडा फारच सैल आहे. का, ते जेवणाच्या वेळी कळतं.

दीड वर्षाच्या मुलाला वरण-भात भरवायला पंधरा मिनिटं सहज जातात. एका मावशीकडे आठ मुलं असतील, तर भरवण्यातच दोन तास जातील. प्रत्यक्षात तसं होत नाही. एका ताटात भात कालवून एकाच चमच्याने ओळीने घास फिरतात, आणि जो तोंड फिरवतो त्याचं जेवण झालं असं धरलं जातं. ‘जेवणासह’ या शब्दाची किंमत म्हणूनच मेन्यूवरून ठरवू नये. भिंतीवरच्या तक्त्यावर सोमवारी पालक खिचडी आहे, बुधवारी नाचणीचा शिरा आहे, हे छानच. पण बाळाने त्यातलं किती खाल्लं याची नोंद रोज मिळते का, ते विचारा. घरच्या डब्याचा एक फायदा असा की तो परत येतो आणि उघडून बघता येतो. मात्र रोज रिकामा आणि धुतलेला डबा येत असेल, आणि मूल घरी येताच भुकेने रडत असेल, तर डबा कोणी संपवला याची चौकशी करावी. फॉर्म्युला दूध आणि डायपर बहुतेक ठिकाणी आपलेच असतात, तेही मासिक हिशोबात धरा.

उशिराच्या दंडाबद्दल एक प्रसिद्ध प्रयोग आहे. इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या दहा पाळणाघरांपैकी काहींमध्ये दहा मिनिटांहून जास्त उशिराला दहा शेकेलचा दंड लावला गेला. युरी निझी आणि आल्डो रुस्तिकिनी या दोन अर्थतज्ज्ञांनी त्याचा निष्कर्ष २००० साली मांडला. उशिरा येणारे पालक कमी होण्याऐवजी वाढले, आणि दंड काढून टाकल्यावरही घटले नाहीत. आधी मावशींना ताटकळत ठेवल्याची लाज वाटायची. आता पैसे भरले की काम झालं. काकूंचे १०० रुपये याच जातीचे आहेत, आणि त्यावर विसंबून रोज सव्वासात करणाऱ्यांना काकू एक दिवस नारळ देतात. डे-केअरचे १५० मात्र टोचावेत म्हणूनच ठेवलेले असतात. दोन्हीकडे विचारण्यासारखं इतकंच की थांबलेल्या मावशीला त्यातलं काही मिळतं का. न मिळणारी मावशी सात वीसला कोणत्या मनःस्थितीत आपलं बाळ सांभाळत असेल, याचा अंदाज कोणालाही येईल.

संध्याकाळचं प्रमाण कधीच पत्रकात छापलेलं नसतं. साडेपाचला सकाळच्या पाळीच्या मावशी निघतात, सगळ्या खोल्या एकत्र होतात, आणि दुपारी चार बाळांमागे एक असलेली मावशी अठरा मुलांत दोन अशी होते. म्हणजे पॅकेजच्या २,००० रुपयांत आपण विकत घेतो तो नऊला एक या प्रमाणाचा तास. पाहणीला सकाळी अकराला बोलावतील. तेव्हा जाच, पण एकदा न सांगता साडेसहालाही जा. दाराशी उभं राहून मुलं मोजा, मावश्या मोजा, कोणाचा डायपर भरलेला आहे ते बघा.

या आईबाबांसाठी मी काकूंकडे झुकलो असतो, पण एका अटीवर: बारा ते एकच्या वेळेला दुसरी मावशी ठेवायची. चौदा घरांनी महिन्याला ३०० रुपये जास्त दिले, तर ४,२०० जमतात, आणि तासा-दीड तासाच्या मदतनिसाला तेवढे पुरतात. तीन वर्षांचं, हाताने जेवणारं मूल असतं तर हा हिशोब वेगळा लागला असता. आणि दोन्हीकडे फॉर्मवर सही करण्याआधी मे महिन्याचं विचारून घ्या: गावाला गेलं तरी पूर्ण फी, की निम्मी?