शेपूट कापलेली लिंक

भाच्याने नवी व्हिजिटिंग कार्डं छापून आणली. पाचशे. कोपऱ्यात लिंक्डइन प्रोफाइलचा क्यूआर कोड. मी फोन धरला, तर काहीच होईना. दिव्याखाली नेलं, मागेपुढे केलं, तेव्हा कुठे वाचला गेला. भाच्याने प्रेसवाल्याला नावं ठेवली, पण खोट लिंकमध्ये होती.

क्यूआर कोड म्हणजे लिंकमधली अक्षरं काळ्या-पांढऱ्या घरांत मांडलेली. अक्षरं वाढली की घरं वाढतात. सगळ्यात लहान कोडात एका ओळीत २१ घरं असतात, पुढची प्रत्येक पायरी चारने मोठी. भाच्याने ॲपमधून 'शेअर' करून मिळालेली लिंक तशीच वापरली होती. तिच्या मागे `?utm_source=share` पासून लांबलचक शेपूट, आणि नावापुढे आकडे. एकूण १३१ अक्षरं. सुमारे १५ टक्के भाग खराब झाला तरी वाचता यावा, अशा बेताने कोड बनवला तर एवढ्यासाठी ओळीत ४९ घरं लागतात. कोड दोन सेंटिमीटरचा, म्हणजे एक घर जेमतेम ०.४ मिलिमीटरचं. शाई किंचित पसरली की संपलं.

मग आम्ही प्रोफाइलचा सार्वजनिक पत्ता बदलून आकडे काढले आणि प्रश्नचिन्हापासूनचं शेपूट उडवलं. त्याने लिंक बिघडत नाही. उरलं `https://linkedin.com/in/` आणि पुढे आठ अक्षरं, एकूण ३२. आता घरं २९, तेवढ्याच जागेत प्रत्येक घर ०.७ मिलिमीटरचं. भोवती चार घरांएवढी पांढरी पट्टी मोकळी हवी. डिझायनर नेमकी तीच कापतात.

एक सापळा मात्र सांगायला हवा. 'डायनॅमिक' कोडात तुमचा पत्ता नसतो, कोड बनवणाऱ्या कंपनीची छोटी लिंक असते. तिची मुदत संपली की छापलेली कार्डं मुकी. स्कॅन केल्यावर फोन आधी पत्ता दाखवतो, तो आपलाच आहे ना एवढं पाहावं.

बायोडेटाचं गणित वेगळं. पीडीएफ फोनवरच उघडली, तर त्याच पडद्यावरचा कोड स्कॅन करायचा कशाने? तिथे बोट ठेवता येईल अशी छोटी लिंकच बरी. स्लाइडवर प्रश्न अंतराचा. ढोबळ हिशेब असा की अंतराच्या एक दशांश एवढा कोड हवा. शेवटची रांग दहा मीटरवर असेल, तर पडद्यावर कोड मीटरभर रुंद लागतो. एवढी जागा देणं जिवावर येतं, म्हणून तो प्रश्नोत्तरांच्या वेळी उभ्या राहणाऱ्या शेवटच्या स्लाइडवर टाकावा, खाली पत्ता ठळक अक्षरांत.

जुनी चारशे कार्डं अजून शिल्लक आहेत. आता पत्ता एवढा आखूड आहे, की भाचा देताना तो मागे पेनाने लिहून देतो.