ओटीपी न येता दरमहा कापले जाणारे पैसे

समजा, शुक्रवारी रात्री मोबाइलवर मेसेज आला: क्रेडिट कार्डावरून ९.९९ डॉलर गेले. व्यापाऱ्याचं नाव अनोळखी, ओटीपी आलेला नाही. जुनी स्टेटमेंट पाहिली तर गेल्या महिन्यातही तेवढीच रक्कम गेलेली. एखाद्या संकेतस्थळावरून कार्डाचा तपशील फुटला की असं घडू शकतं. रक्कम मुद्दाम लहान ठेवतात, म्हणजे ती नजरेतून सुटते.

ओटीपीशिवाय पैसे गेले कसे? भारतातल्या व्यापाऱ्याला दरमहा पैसे कापायचे असतील, तर पहिल्यांदा ओटीपीने तुमची मंजुरी लागते आणि प्रत्येक कपातीआधी किमान २४ तास सूचना यावी लागते. परदेशी संकेतस्थळावर मात्र अनेकदा कार्ड क्रमांक आणि मुदतीची तारीख पुरते. म्हणून आधी बँकेच्या ॲपमध्ये ई-मँडेटची यादी पाहा. कपात तिथे दिसली, तर मँडेट रद्द करा. तिथे नसेल, तर रद्द करण्याजोगं काही तुमच्या हातात नसतं. अशा वेळी कार्डाच्या सेटिंगमधले आंतरराष्ट्रीय व्यवहार लगेच बंद करा आणि कार्ड कायमचं ब्लॉक करून नव्या क्रमांकाचं मागवा. नवं कार्ड आल्यावरही आंतरराष्ट्रीय व्यवहार बंदच ठेवा. काही वेळा कार्ड कंपनीच्या यंत्रणेतून नवा क्रमांक जुन्या व्यापाऱ्यापर्यंत आपोआप पोहोचतो, त्यामुळे पुढची दोन स्टेटमेंट नीट तपासा.

तक्रार करताना शब्द महत्त्वाचे. ‘सबस्क्रिप्शन रद्द करायचं आहे’ असं म्हटलंत, तर तुम्ही ते स्वतः घेतलं होतं असा अर्थ निघतो. ‘हा व्यवहार मी केलेला नाही’ असं म्हणा, आधीच्या महिन्याची कपातही त्यात घाला आणि तक्रार क्रमांक घ्या. व्यापाऱ्याला ईमेल करून उत्तराची वाट पाहत बसू नका, कारण इथे दिवस मोजले जातात.

रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७च्या परिपत्रकानुसार, चूक तुमची नाही आणि बँकेचीही नाही, अशा व्यवहाराची माहिती तीन कामकाजाच्या दिवसांत दिली, तर तुमच्यावर काहीही बोजा येत नाही. मेसेज आल्याचा दिवस यात धरत नाहीत. म्हणजे शुक्रवारच्या मेसेजसाठी, मधला शनिवार सुट्टीचा असेल, तर बुधवारपर्यंत मुदत मिळते. चार ते सात कामकाजाचे दिवस लागले, तर ठरावीक मर्यादेपर्यंतचा तोटा तुमचा. त्यापुढे बँकेच्या धोरणावर अवलंबून. गेल्या महिन्याचा मेसेज न पाहिल्याने ती रक्कम इथेच अडकू शकते. ओटीपी तुम्ही स्वतःच कुणाला सांगितला असेल, तर तक्रार करेपर्यंतचं नुकसान तुमचंच.

कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेने रक्कम तात्पुरती जमा करायची असते आणि ९० दिवसांत निकाल द्यायचा असतो. चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करणं बँकेचं काम. सोबत १९३० वर किंवा cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा ते पटलं नाही, तर cms.rbi.org.in वर लोकपालाकडे जाता येतं. तिथे बँकेकडच्या पहिल्या तक्रारीचा क्रमांक आणि तारीख द्यावी लागते.