इस्पितळाच्या बिलाची रुजुवात

रोग्याला घरी नेण्याच्या उतावळीत इस्पितळाचे बिल चुकते होते आणि शंका मागाहून उद्भवतात. मग लेखा विभागाच्या खिडकीशी जाऊन ‘बिल फार झाले’ असे म्हणणाऱ्या गृहस्थास ‘सर्व नियमाप्रमाणेच आहे’ एवढेच उत्तर मिळते. त्यात खिडकीमागच्या कारकुनाचा दोष थोडाच असतो, कारण त्याच्यासमोर केवळ अंतिम आकडे असतात, आणि ते आकडे ज्या नोंदींतून निपजले त्या वॉर्डाच्या केसपेपरांत व औषधभांडाराच्या हिशेबात विखुरलेल्या असतात. म्हणूनच भेटीची वेळ अर्ज देऊन मागावयाची: त्या वेळेपूर्वी संबंधित दफ्तर काढून ठेवले जावे, हा त्या अर्जाचा खरा हेतू होय.

तपशीलवार बिल मागणे ही याचना नव्हे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तयार केलेली आणि 2019 साली केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने राज्यांकडे धाडलेली रुग्णहक्कांची सनद हा हक्क स्पष्ट शब्दांत मान्य करते. परंतु बिल हाती आल्यावर त्यातील नेमकी कोणती कलमे विचारावयाची, हे ज्याचे त्यानेच ठरवावे लागते.

इंदूरमधील एका कुटुंबाचे उदाहरण कल्पून पाहू. रोगी मंगळवारी रात्री 10 वाजता भरती झाला. शनिवारी सकाळी 10 वाजता डॉक्टरांनी सुट्टीचा आदेश लिहिला. पण बिल तयार होऊन प्रत्यक्ष बाहेर पडावयास दुपारचे 2 वाजले. खोलीचे भाडे रोजचे 6,000 रुपये, आणि बिलात दिवस लावले 5. भरतीच्या घटकेपासून 24 तासांचा दिवस धरला तर हिशेब 4 दिवसांचा होतो. दुपारी 12 ते 12 असा दिवस धरला तर पाचवा दिवस लागतो, पण तो केवळ बिलास विलंब झाला म्हणून. अतिदक्षता विभाग वगळता रोज 5,000 रुपयांहून अधिक भाड्याच्या खोलीवर 18 जुलै 2022 पासून 5 टक्के जीएसटी आहे. तेव्हा या एका दिवसाचा फरक 6,300 रुपये, आणि त्यासोबत शुश्रूषेचे व डॉक्टरांच्या फेरीचे शुल्क लागले असल्यास ते निराळे.

दुसरे कलम औषधांचे. एक इंजेक्शन बिलात 10 वेळा दिसते, परिचारिकेच्या औषधतक्त्यात मात्र ते 7 वेळा दिल्याची नोंद आहे. उरलेली 3 भांडाराकडे परत गेली असतील, तर परतीची रक्कम बिलातून वजा झालेली दिसली पाहिजे. ती दिसत नसेल, तर प्रश्न रास्त आहे.

अर्जाचा मजकूर असा असावा (इंदुरात तो हिंदीत दिलेला सोयीचा पडतो):

“माननीय लेखाधिकारी महोदय, रोग्याचे नाव, नोंदणी क्रमांक, आंतररुग्ण क्रमांक, वॉर्ड व खोली, भरती आणि सुट्टीची तारीख व वेळ, बिल क्रमांक व भरलेली रक्कम वर नमूद केली आहे. खोलीभाड्याचे 5 दिवस कोणत्या नियमाने धरले, आणि परत केलेल्या 3 इंजेक्शनांची वजावट कोठे आहे, या दोन कलमांचा खुलासा हवा आहे. केसपेपर, औषधतक्ता व भांडाराचा हिशेब समोर ठेवून बोलता यावे म्हणून बुधवारी किंवा गुरुवारी दुपारी 4 ते 5 या वेळात भेट द्यावी, ही विनंती.”

दुपारचीच वेळ मागण्याचे कारण असे की, सकाळपासून सुट्टीच्या बिलांची रीघ लागते आणि त्या गर्दीत जुने दफ्तर कोणी उघडत नाही. अर्ज रोग्याच्या सहीचा असावा. नातेवाईक जाणार असल्यास रोग्याचे अधिकारपत्र सोबत न्यावे, कारण त्याचे कागद परक्यास न दाखवणे हे इस्पितळाचे कर्तव्यच आहे. बिल विमा कंपनीने चुकवले असेल, तर तिने नामंजूर केलेल्या रकमांचे पत्रकही जोडावे, नाहीतर इस्पितळाची आकारणी आणि विम्याची कपात यांची गल्लत होते. ठरावीक रकमेच्या पॅकेजात मात्र एकेका औषधाचा वाद चालत नाही. तेथे पॅकेजात समाविष्ट असलेली वस्तू बाहेर पुन्हा आकारली आहे काय, एवढेच पाहावे.

अर्जाच्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी आणि भेटीत मिळालेला खुलासा लेखी मागावा. चूक निघाल्यास सुधारलेले बिल व परताव्याची पावती घेतल्याखेरीज उठू नये. समाधान न झाल्यास खाजगी शुश्रूषागृहांची नोंदणी पाहणारे जिल्ह्याचे मुख्य चिकित्सा व स्वास्थ्य अधिकारी आहेत, आणि जिल्हा ग्राहक आयोगही आहे. आयोगाकडे जाण्याची मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून 2 वर्षांची असते.