बिलातले तीनशे मिलिलिटर

पुण्यातल्या एका शिक्षिकेने आपली छोटी पेट्रोल गाडी 40,000 किलोमीटरच्या सर्व्हिसिंगसाठी सकाळी साडेनऊला सोडली. जॉब कार्डावर अंदाज होता 6,500 रुपयांचा, गाडी मिळणार होती चार वाजता. प्रत्यक्षात ती सव्वासहाला मिळाली आणि बिल आले 9,214 रुपयांचे.

एवढ्यावरून सर्व्हिस सेंटरने लुबाडले, असे म्हणणे घाईचे ठरले असते. त्यांनी बिलावर सही करण्याआधी जॉब कार्ड शेजारी ठेवले आणि दोन्ही कागद ओळीने ताडून पाहिले. वाढीव 2,714 रुपये दोनच ओळींत होते.

पहिली ओळ पुढच्या ब्रेक पॅडची, मजुरी आणि जीएसटी धरून 2,124 रुपये. पॅड किती झिजलेत हे चाक काढल्यावरच नीट कळते, त्यामुळे सकाळच्या अंदाजात ते नव्हते यात गैर काही नाही. दुपारी एक वाजता ॲडव्हायझरचा फोन आला, तेव्हा बाईंनी एकच विचारले, "किती मिलिमीटर उरलेत?" उत्तर आले, तीन. नवा पॅड साधारण दहा-बारा मिलिमीटरचा असतो आणि तिनाच्या आसपास आला की बदलतात. त्यांनी होकार दिला, पण जुने पॅड डिकीत ठेवायला सांगितले. संध्याकाळी ते तिथे होते, नव्या पॅडचा रिकामा खोकाही होता. त्यावर एमआरपी 1,770 रुपये. बिलात 1,500 अधिक 18 टक्के जीएसटी, म्हणजे तेवढेच. एमआरपीत कर धरलेलाच असतो, म्हणून हा ताळा करसहित रकमेशीच जुळवावा लागतो.

दुसरी ओळ होती 'इंजिन फ्लश', करासह 590 रुपये. त्यासाठी फोन आला नव्हता आणि जॉब कार्डावरही नोंद नव्हती. ती ओळ काढली गेली.

खरी मेख मात्र अंदाजातल्याच एका ओळीत होती. ऑइल 3.5 लिटर लावले होते. गाडीच्या पुस्तिकेत फिल्टर बदलताना 3.2 लिटर लिहिलेले. ऑइल पिंपातून मोजून घालतात, त्यामुळे जमा करायला रिकामा डबा नसतो. बाईंनी सपाट जागेवर, थंड झालेल्या इंजिनची काडी काढून पाहिली. ऑइल बरोबर वरच्या खुणेवर होते. साडेतीन लिटर घातले असते तर ते खुणेच्या वर गेले असते. उरलेल्या 300 मिलिलिटरचे 177 रुपये वजा झाले आणि बिल 8,447 वर आले.

उशिराचे कारणही जॉब कार्डावरच सापडले. काम साडेतीनला संपले होते, पुढचा वेळ गाडी धुण्याच्या रांगेत गेला. पुढच्या वेळी त्या धुलाई नको म्हणून लिहून देणार आहेत.