सहा गुणांची आघाडी म्हणजे किती टक्के विजय?

अमेरिकेच्या एनबीए बास्केटबॉलमध्ये सामन्याआधी ‘स्प्रेड’ जाहीर होतो. वरचढ संघापुढे -6 लिहिलेले असेल, तर तो सहा गुणांनी जिंकेल असा बाजाराचा अंदाज असतो. पण तो जिंकण्याची शक्यता किती, हे त्या आकड्यात थेट दिसत नाही.

प्रत्यक्षातला फरक सहाच्या आसपास विखुरतो. कधी वीस गुणांचा विजय, कधी चारने हार. या विखुरण्याचे माप म्हणजे प्रमाण विचलन. एनबीएत ते साधारण 12 गुण धरतात आणि त्याचा आलेख घंटेच्या आकाराच्या प्रसामान्य वक्राशी बराच जुळतो. वक्राचा मध्य 6 वर ठेवा. वरचढ संघ हरण्यासाठी फरक शून्याखाली जायला हवा. शून्य मध्यापासून 6 भागिले 12, म्हणजे अर्धे विचलन दूर आहे. एक्सेलमध्ये `=NORM.S.DIST(6/12,TRUE)` लिहिले की 0.6915 मिळते: सुमारे 69 टक्के. बरोबरी सुटली तर जादा वेळ खेळतात, त्यामुळे अनिर्णिताची भानगड नाही.

खरी गफलत विचलन निवडताना होते. सगळ्या सामन्यांच्या गुणफरकाचे विचलन घेणे चूक. त्यात संघांच्या ताकदीतली तफावतही मिसळते आणि आकडा फुगतो. हवे ते स्प्रेडपासून निकाल किती ढळला याचे विचलन. तिथे 12 ऐवजी 10 घातले, तर तेच उत्तर जवळपास 73 टक्क्यांवर जाते. पडताळायचे असेल, तर -6 स्प्रेडचे जुने सामने काढून वरचढ संघ त्यांतले किती जिंकले ते मोजा.