भरलेली फी आणि न मिळालेले तास

मे महिन्याच्या सुट्टीत ड्रायव्हिंग स्कूलपुढे रांग लागते आणि नेमक्या त्याच काळात सर्वांत जास्त लोकांची फसगत होते. त्याचं कारण साध्या हिशेबात आहे. सकाळी सहा ते रात्री आठपर्यंत एक गाडी अखंड चालवली, तरी अर्ध्या तासाच्या अठ्ठावीसच फेऱ्या होतात. त्या गाडीवर चाळीस जणांची फी घेतली, तर बारा जणांना रोज काहीतरी कारण सांगावंच लागतं. गाडी गॅरेजला आहे, सर गावाला गेलेत, आज आरटीओत काम आहे. अशी कारणं ऐकत महिने जातात, लर्निंग लायसन्सची सहा महिन्यांची मुदत संपत येते आणि मग पैसे परत मागण्याची वेळ येते.

ही मागणी कशी करावी, हे एका उदाहरणावरून पाहू. समजा, ठाण्यातल्या एका नोकरदार मुलीने साडेसात हजार रुपये भरून क्लास लावला. शाळेच्या पत्रकात अर्ध्या तासाचे वीस क्लास, त्याचे सहा हजार. टेस्टच्या दिवशी शाळेची गाडी आणि सोबत माणूस, त्याचे आठशे. उरलेले सातशे सरकारी शुल्काचे, असं लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात सहा क्लास झाले. पुढे सर नोकरी सोडून गेले. तिने स्वतःच विचारून विचारून टेस्टचा स्लॉट घ्यायला लावला, तर त्या दिवशी गाडी आलीच नाही. पैसे मागितल्यावर उत्तर मिळालं, ‘पावतीवर लिहिलंय ना, एकदा भरलेली फी परत मिळणार नाही.’

या एका वाक्यापाशी बहुतेक जण थांबतात. थांबायचं कारण नाही. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथांची व्याख्या आहे. सदोष सेवा दिल्यावर बिलात सांगितलेल्या मुदतीत, आणि मुदत सांगितलेली नसेल तर तीस दिवसांत, पैसे परत करायला नकार देणं ही त्या व्याख्येत बसणारी गोष्ट आहे. सेवेचं बिल किंवा पावती न देणंही त्यातच येतं. त्यामुळे पावतीवरची ती छापील ओळ न दिलेल्या चौदा क्लासचे पैसे खिशात ठेवण्याचा परवाना ठरत नाही. ‘आम्ही शिक्षणसंस्था आहोत, ग्राहक कायदा आम्हाला लागू नाही,’ हा युक्तिवादही कधीकधी पुढे येतो. शाळा-महाविद्यालयांबाबत तो चालतो. पण कोचिंग क्लास ग्राहक आयोगाच्या कक्षेत येतात, असं राष्ट्रीय आयोगाने २०२०मध्ये स्पष्ट केलं आहे. पैसे घेऊन गाडी शिकवणारी शाळा माझ्या मते कोचिंग क्लासच्याच अधिक जवळची आहे.

पण खरी लढाई कायद्याच्या कलमांवर होत नाही, ती एका रजिस्टरवर होते. मोटार ड्रायव्हिंग स्कूल आरटीओच्या परवान्यावर चालते आणि तिला केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ लागू असतात. खासगी कार शिकवायची तर अभ्यासक्रम किमान २१ दिवसांचा हवा आणि प्रत्यक्ष गाडी चालवणं किमान दहा तासांचं हवं. वीस क्लास अर्ध्या तासाचे, म्हणजे बरोबर दहा तास. ‘पंधरा दिवसांत गाडी शिका’ अशी पाटी असेल, तर तो क्लास पूर्ण झाला तरी नियमापेक्षा कमीच भरतो. प्रत्येक शिकाऊ व्यक्तीने कोणत्या दिवशी किती वेळ गाडी चालवली, याची नोंद शाळेने नमुना १५मध्ये ठेवायची असते. तिथे शिकवणाऱ्याची सही असते आणि शिकणाऱ्याचीही.

ही शिकणाऱ्याची सही फार महत्त्वाची आहे. पहिल्याच दिवशी फॉर्मच्या गठ्ठ्याबरोबर कोऱ्या रकान्यांवर सह्या घेतल्या गेल्या असतील, तर पुढे शाळा शांतपणे वीस क्लासचं भरलेलं रजिस्टर पुढे ठेवते. मग ‘तुम्हीच आला नाहीत’ किंवा ‘तुमचं शिक्षण पूर्ण झालंय’ याला उत्तर देणं कठीण होतं. म्हणून ज्या दिवशी गाडी येत नाही, त्याच दिवशी शाळेच्या नंबरवर व्हॉट्सअॅप मेसेज टाकावा: ‘आज सात वाजता उभी होते, गाडी आली नाही, पुढचा क्लास कधी?’ नंतर आठवून केलेल्या यादीपेक्षा त्या त्या दिवशीचे असे मेसेज कितीतरी वजनदार ठरतात. फी रोख दिली असेल तर पावती मागून घ्यावी. यूपीआयने दिली असेल तर व्यवहाराची नोंद जपावी. पत्रकाचा फोटोही ठेवावा, कारण नंतर पत्रक बदलतं.

आता हिशेब. सहा हजारांचे वीस क्लास, म्हणजे एका क्लासचे तीनशे. सहा झाले, त्यांचे अठराशे शाळेचे. चौदा राहिले, त्यांचे बेचाळीसशे तिचे. टेस्टची गाडी आलीच नाही, म्हणून ते आठशेही तिचे. सरकारी शुल्क सारथी पोर्टलवर खरोखर भरलं असेल, तर ते शाळेकडून मागू नये. पण वाया गेलेल्या टेस्टमुळे पुन्हा भरावे लागणारे तीनशे रुपये नुकसान म्हणून मागता येतात. एकूण पाच हजार तीनशे. संपूर्ण साडेसात हजार मागण्याचा मोह होतो. तो टाळावा, असं मी आग्रहाने सांगेन. मिळालेल्या क्लासचे पैसे स्वतःहून वजा करणाऱ्या माणसाच्या बाकीच्या आकड्यांवरही विश्वास बसतो.

टेस्टच्या मदतीबाबत एक गोष्ट स्पष्ट असावी. स्लॉट घेणं, दुहेरी कंट्रोलची गाडी आणणं, सोबत येणं ही सेवा आहे. ‘पास करून देतो’ ही सेवा नाही. नियमाबाहेर लायसन्स मिळवून देऊ शकतो असा समज करून देण्याची नियम २७ मध्ये शाळेला मनाई आहे. त्यासाठी ‘वरचे’ म्हणून दिलेले पैसे आयोगापुढे मागायला गेलात, तर बेकायदा कामाचा सौदा तुम्हीही केला होता, हेच उघड होईल.

पहिलं पाऊल म्हणजे तारखांसह लेखी मागणी, पंधरा दिवसांची मुदत देऊन, स्पीड पोस्टाने. त्यातच आपल्या नमुना १५ची प्रत मागावी. उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५. हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही, ती समेट घडवण्याचा प्रयत्न करते. आरटीओकडेही तक्रार द्यावी, मात्र अपेक्षा योग्य ठेवून. नियम मोडल्याबद्दल शाळेचा परवाना निलंबित किंवा रद्द करता येतो, पण आरटीओ तुमची फी परत मिळवून देत नाही. पैशांसाठी जिल्हा ग्राहक आयोगच गाठावा लागतो. तिथे पाच लाखांपर्यंतच्या रकमेला तक्रारीचं शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही आणि तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. मुदत दोन वर्षांची. ती शाळेच्या शेवटच्या नकारापासून मोजण्यापेक्षा गाडी न आलेल्या टेस्टच्या दिवसापासून मोजावी, म्हणजे वाद उरत नाही.

पाच हजारांसाठी इतका खटाटोप करावा का, हा प्रश्न रास्त आहे. कायद्यात तीन महिन्यांत निकालाची अपेक्षा आहे, प्रत्यक्षात तारखा लांबतात आणि त्यासाठी रजाही खर्ची पडतात. मानसिक त्रास आणि तक्रारीचा खर्च म्हणून वेगळी रक्कम मागता येते, ती किती मिळेल हे आयोग ठरवतो. आदेश होऊनही शाळेने पैसे दिले नाहीत, तर कायद्यात किमान पंचवीस हजारांचा दंड किंवा किमान एक महिन्याचा तुरुंगवास आहे. म्हणूनच नोटीस मिळाल्यावर तडजोडीचा फोन येण्याची शक्यता असते.

त्या फोनवर शाळा रोख रकमेऐवजी उरलेले क्लास देऊ करते. लर्निंग लायसन्सची मुदत शिल्लक असेल आणि शिकायचंच असेल, तर हा सौदा वाईट नाही. मात्र क्लासच्या तारखा, शिकवणाऱ्याचं नाव आणि टेस्टची गाडी हे सगळं लेखी घ्यावं आणि नमुना १५वर सही त्या त्या दिवशीच्या क्लासनंतरच करावी. मुदत संपली असेल तर नव्या लर्निंगचा खर्चही तडजोडीत धरावा. पैसेच घ्यायचे ठरले, तर ते खात्यात जमा होईपर्यंत ‘माझी काही तक्रार नाही’ अशा कागदावर सही करू नये.