काटा वादळावर, हवा मात्र निवांत

गेल्या आश्विनात भाचीने पुण्याहून मोबाइलवर एक छायाचित्र पाठवले. भिंतीवरच्या घड्याळासारखी गोल पितळी चौकट, पांढरी तबकडी, त्यावर दोन काटे आणि आकड्यांची दोन वर्तुळे. खाली तिने लिहिले होते : "मामा, मामंजींनी जर्मनीहून आणलेलं हे हवेच्या दाबाचं यंत्र. वर्षभर वादळच दाखवतंय आणि बाहेर तर लख्ख ऊन. बिघडलंय म्हणून सासूबाई भंगारात द्यायला निघाल्या आहेत. तुम्ही फोटो बघून काय ते सांगा, म्हणजे वाद मिटेल."

यंत्र प्रत्यक्ष हाती न घेता केवळ छायाचित्रावरून त्याची परीक्षा करायची म्हणजे नाडी न पाहता औषध देण्यासारखे. पण दाबमापकाच्या बाबतीत ते बरेच जमते. नीट पाहिले तर त्या तबकडीवरच जबाब आणि उलटतपासणी दोन्ही छापलेली असतात.

पहिला प्रश्न, कोणता काटा वाचायचा? अशा यंत्रात एक काटा काळा किंवा निळसर पोलादी असतो आणि दुसरा पितळी. पोलादी काटा आतल्या डबीला जोडलेला असतो. ती पातळ पत्र्याची, आतली हवा जवळजवळ सगळी काढून घेतलेली डबी हवेच्या दाबाने दबते आणि दाब उतरला की फुगते. तरफांच्या साखळीने तिची ही सूक्ष्म हालचाल काट्यापर्यंत पोचते. पितळी काटा मात्र काचेच्या मध्यावर बसवलेल्या गुंडीने आपणच फिरवायचा असतो. काल काटा कुठे होता याची ती नुसती खूण, हिशेबाच्या वहीतल्या दोऱ्यासारखी. भाचीच्या छायाचित्रात पितळी काटा ऐटीत १०२० वर उभा होता. कुणी तरी कधी काळी फिरवून ठेवलेला. चित्रात कोणता कोण हे कळेना, तर काही तासांच्या अंतराने दोन छायाचित्रे घ्यावीत. जो हलला तो खरा.

पोलादी काटा डावीकडे, किंचित खाली झुकलेला. बाहेरच्या वर्तुळावर ९४०, ९५०, ९६० असे आकडे आणि हेक्टोपास्कलची अक्षरे. जुन्या तबकड्यांवर त्याच जागी मिलीबार लिहिलेले असते. एक मिलीबार म्हणजे बरोबर एक हेक्टोपास्कल, तेव्हा त्याने गोंधळायचे कारण नाही. काटा ९४० च्या पुढे चौथ्या रेघेवर होता. भाचीने सरळ ९४४ वाचले. पण ९४० आणि ९५० यांच्या मधले घर मी चित्र मोठे करून मोजले, तर त्यात दहा नव्हे, पाचच भाग. म्हणजे एकेक रेघ दोनाची. चौथी रेघ म्हणजे ९४८.

हे खरे की खोटे हे ठरवायला आतले वर्तुळ होते. तिथे ७०० पासून ७९० पर्यंत मिलिमीटरांचे आकडे आणि रेघ एकेका मिलिमीटरची. हे मिलिमीटर पाऱ्याच्या उंचीचे. हवेच्या दाबाने नळीतला पारा किती उंच उभा राहतो ते मोजण्याची पद्धत टॉरिचेल्लीच्या, म्हणजे सतराव्या शतकातल्या प्रयोगापासून चालत आलेली. आपल्या यंत्रात पाऱ्याचा थेंबही नसतो, पण माप तेच ठेवलेले असते. आतल्या वर्तुळावर काटा ७११ वर होता. आता ९४८ आणि ७११ एकमेकांशी जुळतात का?

इथे निसर्गाने आपल्यावर एक लहानशी मेहेरबानी केलेली आहे. पाऱ्याचे वजन आणि पृथ्वीचे आकर्षण यांचा हिशेब केला की एक मिलिमीटर पारा म्हणजे १.३३३२२ हेक्टोपास्कल निघतात. एक पूर्णांक एकतृतीयांशाच्या इतके जवळ की फरक बाजूला ठेवला तरी चालावे. हा निव्वळ योगायोग, पण मोठा सोयीचा. हेक्टोपास्कलचे मिलिमीटर करायचे तर पाऊण पट करा. आधी निम्मे, मग त्या निम्म्याचे निम्मे, आणि दोन्हींची बेरीज. ९४८ चे निम्मे ४७४, त्याचे निम्मे २३७, बेरीज ७११. उलट जायचे तर मिलिमीटरांत त्यांचाच तिसरा हिस्सा मिळवा. ७११ चा तिसरा हिस्सा २३७, बेरीज पुन्हा ९४८. पाढे पाठ असलेल्या आजीला हे कागदपेन्सिलीवाचून करता येईल. चूक किती होते म्हणाल, तर समुद्रसपाटीचा प्रमाण दाब ७६० मिलिमीटर या रीतीने १०१३.३३ येतो आणि खरा आहे १०१३.२५. घरगुती यंत्राच्या काट्याला एवढा फरक दिसतसुद्धा नाही.

भाचीचे ९४४ घेतले असते तर पाऊण पट ७०८ आली असती, आणि आतला काटा तर ७११ वर. म्हणजे रेघा मोजण्यात कुठे तरी घसरलो हे तिथल्या तिथे कळते. तबकडीवर दोन मापे असण्याचा हाच खरा उपयोग. तबकडी नीट छापलेली आहे का हे पाहायचे तर १००० समोर ७५० आहे का तेवढे पाहावे.

(जाता जाता, रक्तदाबाचे १२० हेही पाऱ्याचेच मिलिमीटर, तिसरा हिस्सा मिळवला की १६० हेक्टोपास्कल. पण तो बाहेरच्या हवेपेक्षा किती *जास्त* याचा आकडा. डॉक्टरांचे १२० आणि तबकडीवरचे ७११ यांची तुलना करू नये.)

मात्र एक चूक अशी आहे की ती दोन मापांच्या मेळाने सापडत नाही. काटा तबकडीला चिकटलेला नसतो, दोन-तीन मिलिमीटर वर तरंगत असतो. मोबाइल तिरका धरला की काटा शेजारच्या रेघेवर सरकलेला दिसतो, आणि तो दोन्ही वर्तुळांवर सारखाच सरकतो. म्हणून पाऊण पटीचा मेळ बसतो तो बसतोच. याला इलाज म्हणजे तबकडीचा आकार पाहणे. समोरून घेतलेल्या चित्रात ती गोल दिसते, तिरप्या चित्रात लंबगोल. भाचीचे यंत्र दाराच्या चौकटीवर आणि तिने फोटो काढला खालून. पट्टी लावून पाहिले, तर तबकडीची रुंदी दहा सेंटिमीटर आली तेव्हा उंची साडेनऊच्या आतच. म्हणजे सुमारे वीस अंशांचा तिरपेपणा. काटा आडवा असताना खालून पाहिले की तो वर सरकलेला दिसतो, आणि डाव्या अंगाला वर म्हणजे जास्त आकडा. हिशेबाने ही चूक अर्ध्या हेक्टोपास्कलची भरली. अशा घरगुती यंत्राकडून एकदोन हेक्टोपास्कलपेक्षा बारीक अचूकपणाची अपेक्षा नसते, म्हणून मी ९४८ च कायम ठेवले. काटा वर किंवा खाली तोंड करून असता तर खालून पाहूनही काही बिघडले नसते. तो फक्त लांब किंवा आखूड दिसला असता.

आता मुख्य खटला. तबकडीवर ७३० च्या आसपास जर्मन भाषेत ‘श्टुर्म’, म्हणजे वादळ, असे छापलेले. आणि काटा त्याच्याही खाली, ७११ वर. सासूबाईंचा संशय रास्तच म्हणायचा. पण ते शब्द छापणाऱ्याच्या डोळ्यांपुढे समुद्रसपाटीजवळचे युरोपातले गाव होते. सह्याद्रीच्या पाठीवरचे पुणे नव्हते. पुणे समुद्रापासून सुमारे ५६० मीटर उंच आहे. जितके वर जावे तितकी डोक्यावरची हवा कमी, तितका दाब कमी. पुण्याच्या उंचीवर आणि उबेत साधारण नऊ मीटरांना एक हेक्टोपास्कल उतरतो. तीन मजले चढलात की काटा एका हेक्टोपास्कलने खाली येतो, एवढे ते संवेदनशील यंत्र आहे. ५६० ला ९ ने भागले की ६२. ते ९४८ मध्ये मिळवले की १०१०. आणि हवामान खात्याचा त्या दिवशीचा पुण्याचा आकडाही १०१० च होता, कारण खात्याच्या रोजच्या नकाशांत दाब समुद्रसपाटीला आणूनच देतात. यंत्र ठणठणीत होते.

नुसत्या आकड्याला उंचीवाचून काही अर्थ नाही हे पटवण्यासाठी मी भाचीला दोन आकडे कळवले. १९९९ साली ओडिशाला झोडपणाऱ्या महाचक्रीवादळाच्या केंद्रात दाब ९१२ हेक्टोपास्कलपर्यंत उतरला होता. म्हणजे ६८४ मिलिमीटर. आणि महाबळेश्वरच्या बाजारात स्ट्रॉबेरी खात निवांत उभे असावे, तेव्हा तिथे दाब असतो ८६० च्या आसपास, म्हणजे ६४५ मिलिमीटर!

मग मागचा स्क्रू फिरवून काटा १०१० वर आणावा का? यंत्राच्या पाठीत त्यासाठी एक बारीक छिद्र असते खरे, आणि पुष्कळ लोक तसे करतात. माझे मत विचाराल तर पुण्याच्या उंचीवर तो फार पिळू नये. तरफांची साखळी मुळात लहानशा दुरुस्तीसाठी असते. साठ हेक्टोपास्कल ओढले की काटा एखाद्या टोकाला अडू लागण्याची भीती असते. त्यापेक्षा चौकटीखाली ‘अधिक ६२’ अशी चिठ्ठी चिकटवावी. थंडीच्या कडाक्यात ही भर पासष्टापर्यंत जाते, कारण गार हवा जड. एवढा फरक घरच्या कामाला सोसतो.

चिठ्ठी लावल्यावर चार दिवसांनी भाचीचा पुन्हा निरोप : सकाळी दहाला काटा ९४९ वर असतो, दुपारी चारला ९४६ वर, रोज पाऊस येणार की काय? नाही येणार. आपल्या उष्ण प्रदेशात हवेच्या दाबाला समुद्रासारखी भरती-ओहोटी असते. सकाळी दहा आणि रात्री दहाच्या सुमारास भरती, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास ओहोटी. सकाळची भरती आणि दुपारची ओहोटी यांत तीनचार हेक्टोपास्कलांचे अंतर सहज पडते. म्हणून आजच्या दुपारची तुलना आजच्या सकाळशी न करता कालच्या दुपारशी करावी. पितळी काटा त्यासाठीच आहे : दुपारी चारला काच बोटाने हलकेच टिचकावून (तरफा कुठे अडकल्या असतील तर सुटतात) तो पोलादी काट्यावर आणून ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी चारलाच पाहावे. एरवी दोहोंत हेक्टोपास्कल-दीड हेक्टोपास्कलांचाच फरक दिसेल. तो पाचांवर, म्हणजे पावणेचार मिलिमीटरांवर गेला आणि काटा खालीच चालला, तर मात्र गच्चीवरचे वाळवण आत घ्यावे आणि वेधशाळेचा इशारा पाहावा.